“सरासरी 9 दिवस” हा आकडा नक्की कुणाचा?

“वारसा लावायचा अर्ज सरासरी 9 दिवसांत होतोय. दोन-चार रखडले म्हणून बोंब कशाला? आणि ते पर्सेंटाइल सामान्य माणसाला कळतंय कुठं?”

बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळ्या ग्रुपवर हे फिरतंय. आमच्या गल्लीतल्या 20 अर्जांच्या पावत्या मी स्वतः गोळा केल्या, त्यावरूनच बोलतो. 16 अर्ज झालेत, त्यांचे दिवस मिळून 144, भागिले 16, म्हणजे बरोबर 9. हिशोब खराच आहे ओ, पण तो फक्त झालेल्यांचा आहे. उरलेले चार आज 62, 75, 98 आणि 121 दिवस पडून आहेत आणि ते त्या 9 मध्ये कुठंच नाहीत, कारण काम झाल्याशिवाय दिवस मोजलेच जात नाहीत. 121 वाल्या आमच्या काकू. पावतीची घडी इतकी झिजलीय की नंबर नीट वाचता येत नाही, पण आकड्यात त्या नाहीतच.

आणि समजा उद्या साहेबांनी मनावर घेऊन हे चारही निकाली काढले, तर बेरीज 500 होते आणि सरासरी एकदम 25 वर जाते. चांगलं काम केलं की आकडा बिघडतो, जुनं कुजत ठेवून सोपं सोपं उरकलं की आकडा गोड दिसतो, मग जुन्या फाईलला कोण हात लावणार सांगा.

आता पर्सेंटाइल. विसाच्या वीस पावत्या कमी दिवसांपासून जास्तीकडं लावा आणि अठरावी बघा, तोच नव्वदावा पर्सेंटाइल. इथं तो 75 येतो, तोही “किमान”, कारण ती फाईल अजून उघडीच आहे. मधली पावती मात्र 8-9 दिवसांचीच निघते, रखडलेले पुढं कितीही लांबले तरी ती हलत नाही. म्हणजे सांगायचं असं की निम्म्यांचं 9 दिवसांत झालं, पण दहातल्या एकाला अडीच महिन्यांच्या वर. यात न कळण्यासारखं काय आहे?

मुदतीचं पण सांगतो. 30 दिवसांची मुदत धरली तर 20 पैकी 16 वेळेत, म्हणजे 80 टक्के. पण एवढंच छापलं तर 31 आणि 121 सारखेच दिसतात. आपल्या कर्नाटकातल्या सकाल कायद्यात उशिराला दिवसाला 20 रुपये भरपाई आहे, जास्तीत जास्त 500, म्हणजे 25 दिवसांनंतर ते मीटरपण थांबतं. म्हणून मुदत उलटलेले किती आणि त्यातला सगळ्यात जुना किती दिवसांचा, हे दर महिन्याला वेगळं लिहायला पाहिजे. आणि “कागद अपुरे” म्हणून परत पाठवलेला अर्ज नव्या तारखेनं घेतला असेल तर दिवस पहिल्या पावतीपासूनच मोजा. काकूंचे 121 मी तसेच धरलेत, दुसऱ्या पावतीवरून ते 40 च दिसले असते.