सर्वात कच्चा विषय आधी? बेरीज करून बघा

"दहावीत ज्या विषयात सर्वात कमी मार्क पडतात, त्यालाच सगळा वेळ द्या. तिथे वाढायला जागा जास्त असते, म्हणून टक्केवारी तिथूनच वाढते."

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला सहा विषय असतात, पण टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाचच धरतात. पाचशेपैकी एक मार्क म्हणजे ०.२ टक्के. सहावा विषय बेरजेत येतच नाही आणि वरचा सल्ला नेमका याच विषयाकडे बोट दाखवतो.

पूर्वपरीक्षेचे हे गुण घ्या: मराठी ७८, हिंदी ७४, सामाजिक शास्त्रे ७२, विज्ञान ७०, इंग्रजी ६६, गणित ५२. गणित सोडून बेरीज ३६०, म्हणजे ७२ टक्के. आता मुलाने महिनाभर गणितच केलं आणि ७० पर्यंत नेलं. ५२ ते ६६ या चौदा मार्कांचा टक्केवारीला काहीच उपयोग नाही. पुढचे चारच मोजले जातात, कारण गणित आत आलं की इंग्रजी बाहेर जाते. अठरा मार्कांची मेहनत आणि वाढ ०.८ टक्का! तेच इंग्रजी ६६ वरून ७४ वर नेलं तर आठही मार्क बेरजेत येतात आणि टक्केवारी ७३.६ होते. शिवाय पाचवा विषय वर सरकला की गणिताला आत यायला आणखी उंच चढावं लागतं.

राहिला "जागा जास्त"चा मुद्दा. जागा किती, यापेक्षा एक मार्क किती तासांत मिळतो हे बघायला हवं. अंतर्गत २० पैकी बहुतेकांना १७-१८ मिळालेलेच असतात, खरी जागा लेखीच्या ८० मध्ये. म्हणून तपासलेली उत्तरपत्रिका काढा आणि गेलेल्या प्रत्येक मार्कापुढे कारण लिहा: येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, की वेळ संपला. इंग्रजीत पत्राची मांडणी चुकली, सारांशाला शीर्षक दिलं नाही, असे मार्क थोड्या सरावात परत येतात. भूमितीत प्रमेयच समजलं नसेल, तर दोन-तीन मार्कांसाठी आधी अख्खं प्रकरण करावं लागतं. आठवड्याने वेळ लावून दुसरी प्रश्नपत्रिका सोडवा. दोन-तीन मार्कांचा फरक पत्रिकेच्या कठीणपणाचाही असू शकतो, त्यावर वेळापत्रक बदलू नका.

गणित साफ सोडा, असं मात्र मी म्हणत नाही. पास व्हायला प्रत्येक विषयात किमान गुण लागतातच. गणित चाळिशीच्या आसपास रेंगाळत असेल, तर पहिला वेळ त्यालाच. पुढे इंजिनिअरिंगचा विचार असेल, तर दहावीचं बीजगणित टाळून चालत नाही, टक्केवारी काहीही म्हणो. आणि सहावा विषय पाचव्याच्या जवळ असेल तर तो आधार ठरतो: ऐन परीक्षेत इंग्रजी ५८ वर घसरली आणि गणित ६२ असलं, तर गणित आत येतं आणि चार मार्क वाचतात.