पाहिलेले आणि न पाहिलेले: या दोन गटांची तुलना का फसते

«व्हिडिओ जाहिरातीचा परिणाम मोजायला फार काही लागत नाही. ज्यांनी व्हिडिओ पाहिला त्यांना विचारा, नाव ओळखता का? न पाहिलेल्यांनाही तेच विचारा. दोन टक्केवारींतला फरक हीच जाहिरातीची कमाई. दोनशे उत्तरं पुरतात. नाहीतर सरळ आधी आणि नंतर विचारा. काही लोकांना मुद्दाम जाहिरात न दाखवणं म्हणजे गिऱ्हाईक हातानं घालवणं.»

हा सल्ला इंदूरच्या छोट्या उत्पादकांच्या ग्रुपांमध्ये फिरतो आहे आणि त्यावर पैसे खर्च होत आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ. उदाहरण एकच धरू. समजा, इंदूरच्या एका नमकीनवाल्यानं श्रावणासाठी उपवासाचा नवा चिवडा नव्या नावानं काढला. त्याच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे, संमतीनं घेतलेले ३६,००० मोबाइल नंबर आहेत. त्या यादीवर यूट्यूबवर १५ सेकंदांचा व्हिडिओ चालवायचा आहे. पुढचे सगळे आकडे या कल्पित मोहिमेचे आहेत.

पहिली गोष्ट पाहिलेल्यांची. व्हिडिओ कुणापर्यंत पोचतो ते नशिबावर ठरत नाही. जो दिवसभर यूट्यूबवर असतो, रेसिपीचे व्हिडिओ बघतो, त्याला जाहिरात जास्त वेळा दिसते. तोच माणूस दुकानातही नवी पाकिटं न्याहाळतो. म्हणजे जाहिरात नसती तरी त्यानं हे नाव अधिक ओळखलं असतं. त्यात ‘पाहिला का?’ असं त्यालाच विचारलं, तर ज्याला नाव आठवतं तोच ‘हो, पाहिला’ म्हणतो. कारण आणि परिणाम इथे एकमेकांत मिसळतात. म्हणून गट मोहिमेआधी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडावे लागतात: अर्ध्या यादीला व्हिडिओ, अर्धी राखीव. यूट्यूबची स्वतःची ब्रँड लिफ्ट पाहणीही याच तत्त्वावर चालते. जाहिरात दिसू शकली असती अशा काही प्रेक्षकांना ती मुद्दाम दाखवली जात नाही आणि दोन्हीकडे तोच प्रश्न जातो.

आपल्या यादीवर हे करताना शीटमध्ये एक रकाना पुरतो:

```
=IF(RAND()<0.5,"दाखव","राखीव")
```

इथे दोन चुका वारंवार होतात. शीटला हात लागला की RAND नव्यानं आकडे काढतं आणि कालचा ‘राखीव’ आज ‘दाखव’ होतो. म्हणून रकाना कॉपी करून लगेच ‘फक्त मूल्ये’ म्हणून चिकटवा आणि ती फाइल जपून ठेवा. दुसरी चूक घराची. रामबागेतल्या एकाच घरातले सासूबाईंचा आणि सुनेचा नंबर वेगवेगळ्या गटांत गेले, तर टीव्हीवर लागलेला व्हिडिओ दोघीही बघणार. पत्त्यावरून आधी घरं एकत्र करा आणि चिठ्ठी घरागणिक टाका. मग ‘दाखव’ यादी मोहिमेला लक्ष्य म्हणून द्या आणि ‘राखीव’ यादी त्या वेळच्या सगळ्या मोहिमांतून वगळण्यासाठी द्या. दुसरी यादी द्यायची राहून गेली, तर दुसऱ्या एखाद्या मोहिमेतून राखीव गटालाही व्हिडिओ दिसतो आणि फरक पुसला जातो.

आता प्रश्न. ‘आमचं नाव ओळखता का?’ याला माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा असं विचारा: ‘यांपैकी उपवासाच्या चिवड्याची कोणती नावं तुम्ही ऐकली आहेत?’ खाली पाच नावं द्या. एक आपलं, तीन इतरांची आणि एक बाजारात नसलेलं, बनवलेलं. शेवटी ‘एकही नाही’. नावांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दिसला पाहिजे, कारण वरच्या नावावर बोट जास्त पडतं. बनवलेलं नाव ९ टक्के लोकांनी निवडलं, तर तेवढे लोक अंदाजानं टिचकी मारत आहेत असं समजा. ते प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखं असलं, तर फरकाला बाधा नाही. एका गटात बरंच जास्त निघालं, तर पाहणीतच गडबड आहे. इंदुरात प्रश्न हिंदीत ठेवा आणि मराठीचा पर्याय द्या. प्रश्नाची लिंक एसएमएसनं पाठवायची, तर त्याचा मजकूर डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा आठवडाभर आधी लागा. त्या मजकुरात चिवड्याचं नाव येऊ देऊ नका, नाहीतर प्रश्न उघडण्याआधीच उत्तर वाचलं जातं.

दोनशे उत्तरांचं गणित सोपं आहे. p म्हणजे नाव ओळखणाऱ्यांचं प्रमाण, n म्हणजे उत्तरांची संख्या, 1 आणि 2 म्हणजे दोन गट, आणि फरक किती वर-खाली असू शकतो ते असं निघतं:

```
=1.96*SQRT(p1*(1-p1)/n1 + p2*(1-p2)/n2)
```

नाव ओळखणारे ३० टक्क्यांच्या आसपास असतील आणि प्रत्येक गटात २०० उत्तरं असतील, तर हा आकडा सुमारे ९ टक्केबिंदू येतो. एका छोट्या मोहिमेनं ४-५ बिंदू मिळवले, तर ते या गोंगाटात ऐकूच येणार नाहीत. आपल्या उदाहरणात दोन्ही गटांना लिंक एकाच दिवशी, एकाच वेळी गेली आणि सुमारे ६ टक्के लोकांनी उत्तर दिलं. ‘दाखव’ गटात १,१०० पैकी ३१९ जणांनी नाव निवडलं, म्हणजे २९ टक्के. राखीव गटात १,०८० पैकी २५९, म्हणजे २४ टक्के. फरक ५ बिंदू, वर-खाली ३.७. खरा परिणाम बहुधा १.३ ते ८.७ बिंदूंच्या दरम्यान. परिणाम आहे, पण किती ते सैलच आहे.

याच १,१०० उत्तरांवर फिरता सल्ला लावून पाहा. ‘व्हिडिओ पाहिला’ म्हणणारे १८० जण, त्यांतल्या ११० जणांनी नाव ओळखलं, म्हणजे ६१ टक्के. उरलेल्या ९२० पैकी २०९, म्हणजे २३ टक्के. ‘कमाई’ ३८ बिंदू! मोहीम तीच, माणसं तीच, आणि आकडा साडेसात पट. ‘दाखव’ गटात ज्यांच्यापर्यंत व्हिडिओ पोचला नाही, त्यांना मोजून आकडा पातळ होतो हे खरं. पण त्याचा उपाय त्यांना गाळणं हा नाही. व्हिडिओ गटातल्या ४५ टक्के लोकांपर्यंत पोचला असेल, तर ५ ला ०.४५ नं भागा: पोचलेल्या माणसामागे सुमारे ११ बिंदू. मात्र वर-खालीची पट्टीही त्याच प्रमाणात रुंदावते, २.९ ते १९.३.

आधी-नंतर विचारण्याची युक्ती तर या मालाला अजिबात चालणार नाही. इंदुरात हिंदी घरांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, मराठी घरांचा श्रावण त्यानंतर पंधरवड्यानं. त्या महिना-दीड महिन्यात दुकानाच्या फळीवर उपवासाची पाकिटं पुढे येतात आणि सगळ्यांचीच नावं तोंडी होतात. मोहिमेआधी १५ टक्के आणि नंतर २९ असं दिसलं, तर त्यातलं बरंच श्रावणाचं. राखीव गटानं तोच श्रावण पाहिलेला असतो, म्हणून त्याचे २४ टक्के ही खरी तुलना.

उरला गिऱ्हाईक घालवण्याचा प्रश्न. राखीव गट आपला माल दुकानातून घेतच असतो, त्याला फक्त तीन आठवडे व्हिडिओ दिसत नाही. उत्तरं बंद झाली की त्यालाही दाखवा. अर्धी यादी अडकवणं जड वाटत असेल, तर ८,००० नंबर राखीव ठेवा आणि २८,००० ना व्हिडिओ दाखवा. उत्तरं अंदाजे ४८० आणि १,६८० येतील, वर-खालीचा आकडा ३.७ वरून ४.४ होईल. ५ बिंदूंचा फरक तेव्हाही शून्याच्या वरच राहतो, जेमतेम. राखीव गट ४,००० वर आणला, तर राहत नाही.