किरकोळ बदल

कळंगुटकडच्या एका रिसॉर्टचं स्टाफ हँडबुक इंग्लिशमधून मराठीत करायचं काम आलेलं, ६४ पानं. ३१ पानं झाली होती, मी खुशीत होतो, बाहेर पोदेराचा भोंपू वाजत होता, मी उंडे आणायला उठलो आणि परत येऊन बघतो तर मेल. 'सर, सोबत अपडेटेड फाईल, किरकोळ बदल आहेत, डेडलाईन तीच.' फाईलचं नाव handbook_final_NEW.docx.

कुठे बदल केलेत ते कुठेच मार्क केलेलं नाही. फोन केला तर कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एकदा नजर टाका ना, कळेल." ६४ पानांवर नजर टाकायची म्हणजे दळण निवडल्यासारखं झालं!

बरं, यावर उपाय आहे. जुनी इंग्लिश फाईल मी कधी उडवत नाही. वर्डमध्ये रिव्ह्यूमध्ये जाऊन कम्पेअर करायचं, एका बाजूला जुनं इंग्लिश आणि दुसऱ्या बाजूला नवं इंग्लिश (आपलं मराठी यात कुठेच आणायचं नाही, एकदा घाईत आणलं होतं, स्क्रीन नुसती शिगम्यातल्या गुलालासारखी लाल). पण यावेळी नवीन इंग्लिश लावूनसुद्धा पानच्या पान लालच आलं, कारण कुणीतरी मधल्या काळात फॉण्ट बदललेला आणि प्रत्येक फुलस्टॉपनंतरच्या दोन स्पेस काढून एक केलेली, आता त्या स्पेसचं मराठीत मी काय करू? मग कम्पेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅटिंग आणि व्हाईट स्पेसची टिक काढली, तेव्हा कुठे खरे बदल उरले, ३८.

त्यातले बरेचसे सोपे निघाले, २४ तासांचे ४८ तास वगैरे. एक मात्र डेंजर होता. ब्रेकमध्ये स्टाफ बाहेर जाऊ शकतो, हे जुनं वाक्य, आणि नव्यात मध्येच एक 'नॉट' घुसलेला. माझ्या ट्रान्सलेशनच्या सॉफ्टवेअरने जुनं मराठी वाक्य पुढे केलं आणि सांगितलं, ९० टक्क्यांच्या वर जुळतंय. सॉफ्टवेअर अक्षरं मोजतं, अर्थ नाही. इंग्लिशमध्ये तीन अक्षरं मध्येच टेकवली की झालं, पण आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे 'जाऊ शकतो'चं 'जाऊ नये' करताना वाक्याची शेपटीच बदलावी लागते. घाईत एन्टर मारला असता तर अख्खा स्टाफ बीचवर.

पण हे तरी दिसलं. खरी गंमत जे बदललंच नाही त्यात होती. पान १२. जुन्यात होतं, प्रत्येकाला लॉकर मिळेल. पुढचं वाक्य, इट मस्ट बी केप्ट लॉक्ड. मी केलेलं, 'तो नेहमी बंद ठेवावा.' नव्या फाईलमध्ये लॉकरचं झालं कॅबिनेट, मी तिथे कपाट केलं, कम्पेअरने लाल दाखवलेलं तेवढं दुरुस्त केलं आणि पुढे गेलो. पुढचं वाक्य इंग्लिशमध्ये जसंच्या तसं, एक टिंबही हललेलं नाही, म्हणून लाल नाही. आणि माझ्या मराठीत? 'प्रत्येकाला कपाट मिळेल. तो नेहमी बंद ठेवावा.' तो कोण? प्रत्येक? म्हणजे कर्मचाऱ्यालाच कपाटात बंद ठेवायचं!

इंग्लिशचं 'इट' काय, लॉकरलाही चालतं, कपाटालाही चालतं आणि चावीलाही, आपल्याकडे तो ती ते बघावं लागतं. हे मला कळलं ते आकड्यामुळे. वाक्य जुळलं आणि त्याच्या शेजारची वाक्यंही तीच असली तर माझं सॉफ्टवेअर १०१ टक्के दाखवतं, नुसतं वाक्यच जुळलं तर १००. इथे १०० होतं. म्हणजे वाक्य तेच, शेजारी बदललेला. तेव्हापासून मी १०१ वाली सोडून देतो आणि १०० वाली सगळी, वरच्या वाक्यासकट, वाचतो. याचे पैसे मिळत नाहीत हो, क्लायंट बदललेल्या शब्दांचेच देतो, आणि हे शब्द तर बदललेलेच नाहीत.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी दुपारी फोंड्याच्या मार्केटात गेलो. आईने निघताना सांगितलेलं, इसवण आण, आणि तिथेच तुकडे करून घे. मासळीवालीपाशी पोचतो तोच फोन, "अरे, इसवण नको, महाग असणार, बांगडे आण." बरं म्हटलं. आठ बांगडे घेतले, घरी आलो, आईने पिशवी उघडली.

"हे काय रे? अख्ख्या बांगड्यांत रेशाद मसाला भरायचा होता मला! तुकडे कोणी करायला सांगितले?"

"तूच सांगितलेलंस."

"ते इसवणीचं!"