सोसायटीच्या अंदाजपत्रकात जीएसटी धरायचा की वगळायचा

“अंदाजपत्रकात रकमा नेहमी जीएसटी वगळूनच लिहाव्यात. जीएसटी हा खर्च नसतोच, तो परत मिळतो. खाली ‘टॅक्स वेगळा’ अशी टीप टाकली की झालं.”

परत मिळतो तो जीएसटी नोंदणी असलेल्याला, आणि तोही पुढे स्वतः करपात्र सेवा देत असेल तरच. दर सदनिकेचा मेंटेनन्स महिना 7,500 रुपयांपर्यंत असेल तर सोसायटीची ही सेवा करमुक्त आहे. मग इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही आणि भरलेला जीएसटी हा निव्वळ खर्चच ठरतो.

समजा 60 सदनिका आहेत आणि मेंटेनन्स 3,000 रुपये. सुरक्षा एजन्सीचा वर्षाचा दर 7,20,000 आणि लिफ्टच्या एएमसीचा 1,20,000, दोन्हींवर 18% जीएसटी. करार पाहून एवढ्याच रकमा लिहिल्या तर 1,51,200 रुपये कुठेच धरलेले नसतात. म्हणजे दर सदनिकेमागे महिना 210 रुपयांचा खड्डा. वर्षअखेरीला तो हमखास उघडा पडतो, कारण खतावणीत बिलाची पूर्ण रक्कम चढते. दोन्ही ओळींवर नेमका 18% जादा खर्च दिसला, तर उधळपट्टी शोधण्याआधी अंदाजपत्रक कशावर केलं होतं ते बघा.

मेंटेनन्स 7,500 च्या वर आणि वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर असेल, तर नोंदणी येते आणि चित्र पालटतं. सगळ्याच सदनिका 7,500 च्या वर असतील तर सुरक्षा, एएमसी, दुरुस्ती या ओळी जीएसटी वगळून लिहिणं योग्य. सभासदांकडून घेतलेला जीएसटीही मग जमेच्या बाजूला उत्पन्न म्हणून धरू नये. मात्र ‘नेहमी’ तेव्हाही चालत नाही. नवं क्लबहाउस बांधून मालमत्तेत भांडवली नोंद केली, तर त्या बांधकामाचं क्रेडिट कलम 17(5) अडवतं. ती ओळ जीएसटीसहच हवी. शिवाय बिल आधी पूर्ण भरावं लागतं, म्हणून बँकेतल्या पैशांचं नियोजन कायम पूर्ण रकमेवर करावं.

तळटीप सर्वांत घातक वाटते, कारण ती प्रत्येक ओळीला लागू होत नाही. मालमत्ता करावर जीएसटी नाही, नोंदणी नसलेला प्लंबर तो लावत नाही. त्याऐवजी रकाने करा: ‘मूळ रक्कम’, ‘जीएसटी’, ‘बिलाची एकूण रक्कम’, ‘मिळणारं क्रेडिट’ आणि शेवटी ‘अंदाजपत्रकी खर्च’, म्हणजे एकूण रकमेतून क्रेडिट वजा. बेरीज मंजुरीसाठी ठेवायची ती या शेवटच्या रकान्याची. जिथे कर नाही तिथे ‘लागू नाही’ लिहा. रिकामी जागा सोडली तर धरायचं राहून गेलं की करच नाही, हे कळत नाही.

दरपत्रकात एकच एकूण आकडा असेल, तर जीएसटी उलटा काढताना एकूण रकमेचे 18% काढू नका. 1,18,000 मधला जीएसटी 21,240 नव्हे, 18,000 आहे:

```
जीएसटी = एकूण × 18 / 118
```