तेलाचा डबा महाग पडला? दुकानदाराचं उत्तर

★★ "लालबागच्या या दुकानातून सनफ्लॉवरचा 15 किलोचा डबा 2,475 रुपयांना घेतला. 'डब्यात स्वस्त पडतं' असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. घरी हिशोब केला तर 165 रुपये लिटर! याच दुकानात पिशवी 155 ला आहे, मॉलमध्ये 148 ला. आम्हाला महिन्याला तीन पिशव्या पुरतात. उगाच डबा गळ्यात मारला."

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार ताई. 165 हा किलोचा भाव निघाला, लिटरचा नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून 15 किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर तेल असतं. त्या हिशोबाने लिटर पडलं 150 ला. आमच्या पिशवीपेक्षा पाच रुपये कमी, म्हणजे मुलगा खोटं बोलला नाही. बाजारात 15 लिटरचेही डबे मिळतात, दिसायला अगदी असेच, पण आत तेल साडेतेरा किलोच्या आसपास. तसा डबा याच पैशांत घेतला असता, तर मात्र लिटर खरंच 165 रुपयांना पडलं असतं. तुमच्या डब्यावर 'निव्वळ वजन 15 किलो' छापलेलं आहे, एकदा बघून घ्या.

मॉलच्या पिशवीचंही वजन बघा. हल्ली बऱ्याच पिशव्या 850 किंवा 870 ग्रॅमच्या येतात आणि हातात घेतल्यावर लिटरच्याच वाटतात. 850 ची असेल तर 148 मध्ये लिटर 158 च्या वर गेलं. पूर्ण 910 ची असेल तर ती आमच्या डब्यापेक्षाही दोन रुपयांनी स्वस्त आहे, खुशाल तिथून घ्या. पिशवीवर ग्रॅममागे किंवा मिलीमागे दर छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला. एमआरपीला तेल विकतो कोण? बिलातली रक्कम भागिले ग्रॅम, हाच खरा भाव.

आता तीन पिशव्यांचं. तुमच्या घरी हा डबा साडेपाच महिने चालेल आणि तेवढ्या काळात वाचतील ऐंशी रुपये. त्यासाठी एवढं तेल फोडून ठेवू नये, असं माझं मत. डबा रिकामा होत जातो तशी आत हवा वाढते, त्यात मुंबईचा उकाडा आणि डबा बहुतेकांचा गॅसच्या ओट्याखालीच. शेवटच्या काही लिटरला खवट वास आला, तर ऐंशी रुपये कुठेच गेले. शिवाय मधे भाव उतरला तरी तुमचं तेल जुन्याच भावाचं. महिन्याला सात-आठ लिटर लागणारं मोठं घर किंवा जेवणाचे डबे पोचवणाऱ्या बायका यांना डबा परवडतो, त्यांचा तो दोन-सव्वादोन महिन्यांत संपतो.

सील फोडलं नसेल तर बिल घेऊन या. डबा परत घेऊन पिशव्या देतो, उरलेले पैसे रोख. फोडला असेल तर महिन्यापुरतं तेल बरणीत काढा, डब्याचं झाकण घट्ट लावा आणि डबा ओट्यापासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवा.