ऑपरेशनल कारण

आम्ही पार्ल्यात राहतो. गॅलरीत कपडे वाळत घालताना विमानाची चाकं दिसतात, त्यामुळे सहारचा विमानतळ आम्हाला नाक्यावरच्या वाण्याइतका जवळचा वाटतो. त्याच विमानतळावर मी आणि बायको जून महिन्यातली एक अख्खी रात्र बसून होतो. घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर, पण पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का बसलेला. कागदोपत्री आम्ही देशाबाहेर, आणि घरी फ्रिजमध्ये दहीभात.

बालीला निघालो होतो. भाच्याने शोधून दिलेली 'लय भारी डील' म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगवेगळी तिकिटं. मुंबई ते सिंगापूर एक, तिथून बाली दुसरं. सामान हातातल्या बॅगांपुरतंच. पहिलं विमान रात्री ११:४०चं, सकाळी साडेसातला पोचणारं. दुसरं ११:५०ला. मध्ये चार तास वीस मिनिटं. "मामा, आरामात इडली खाऊन होईल," भाचा म्हणाला होता.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असती, तर पहिल्याच्या उशिराने दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. तिकिटं वेगळी घेतली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त 'आला नाही' असा माणूस. अशा वेळी उपयोगी पडतो तो प्रवास विमा. तो आमच्याकडे होता. बायकोने काढलेला, अर्थातच.

साडेअकराला घोषणा झाली, तांत्रिक बिघाडामुळे विमानाला उशीर. मग साडेबारा, दोन, साडेतीन. बायकोने पर्समधून पॉलिसीचा कागद काढला आणि गेटवरच्या दिव्याखाली वाचायला घेतला. उशिरासाठी पैसे मिळायचे, पण सहा तासांच्या वर झाला तर. 'कनेक्शन चुकणे' हे मात्र वेगळं कलम होतं, आणि त्यात नवीन तिकिटाचा खर्च मिळायचा. कारण मात्र यादीतलं हवं: खराब हवामान, संप किंवा विमानातला तांत्रिक बिघाड.

"अहो, दाखला घेऊन या," ती म्हणाली.

काउंटरवरचा मुलगा भाच्याच्याच वयाचा. मी म्हटलं, विमान उशिरा सुटल्याचा दाखला द्या, त्यावर ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण हवं.

"सर, प्रत्यक्ष वेळ कशी देऊ? विमान अजून सुटलेलंच नाही."

"मग सुटल्यावर द्या."

"सुटल्यावर तुम्ही विमानात असाल, सर."

त्याचं काही चूक नव्हतं. हा दाखला मागायचा तो उतरल्यावर, पोचलेल्या विमानतळावरच्या त्याच कंपनीच्या काउंटरवर, नाहीतर मागाहून ईमेलने. पण मुंबईत त्याच्याकडून एक गोष्ट मिळाली: कागदी बोर्डिंग पास. आमचे मोबाईलमध्ये होते, आणि प्रवास संपला की ते अ‍ॅपमधून गायब होतात, असं त्यानेच सांगितलं. देव त्याचं भलं करो. उशिराचे मेसेजही पुसायचे नाहीत, हे बायकोने सांगितलं. तिच्या फोनमध्ये तसाही २०१६ सालचा दूधवाल्याचा मेसेज आहे.

विमान ४:२५ला उडालं. उशीर पावणेपाच तासांचा, म्हणजे सहा तासांच्या कलमाला सव्वा तास कमी. सिंगापूरला उतरलो १२:१५ला. बालीचं विमान पंचवीस मिनिटांपूर्वी गेलेलं. नवी तिकिटं काढली, माणशी १९,४००, दोघांचे ३८,८००. इडली राहूनच गेली.

ट्रान्झिटच्या काउंटरवर पहिल्या कंपनीचा दाखला मिळाला. सुबक छापील, सही-शिक्क्यासकट. बायकोला वाचून दाखवताना माझा आवाज घसरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ऑपरेशनल'.

ऑपरेशनल म्हणजे काय? काहीही. वैमानिक उशिरा आला तरी ऑपरेशनल, चाक फुटलं तरी ऑपरेशनल. विमा कंपनीच्या यादीत हा शब्दच नाही, म्हणून 'कारण स्पष्ट नाही' एवढं लिहून ते फाईल परत पाठवू शकतात. मी काउंटरवर वाद घातला. उत्तर मिळालं, "सिस्टममध्ये तेच येतं."

दुसऱ्या कंपनीकडे मात्र बायको स्वतः गेली आणि आम्ही विमानात बसलो नाही, तिकीट वापरलं नाही, असं लिहून घेऊन आली. मला वाटलं, ही हौस कशाला? पण दावा करताना जुनं तिकीट वापरलं नाही आणि त्याचा किती परतावा मिळाला, हे दोन्ही विचारतात. भाडं बुडतं, पण न वापरलेल्या तिकिटावरचे काही कर कधीकधी परत मिळतात. आम्हाला ३,१०० मिळाले. ते लपवायचे नसतात, दाव्यातून वजा होतात.

विमा कंपनीला त्याच दिवशी, बालीच्या विमानाची वाट बघताबघता फोन केला आणि दाव्याचा नंबर घेतला. कागद परत आल्यावर दिले तरी चालतात, आमच्या पॉलिसीत तीस दिवस होते. पण कळवायचं लगेच. खाण्याची बिलं बायकोने तिथेच मोबाईलवर टिपून ठेवली. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं लवकर उडतात. आमच्या कॉफीचं बिल घरी येईपर्यंत पांढरंफटक झालं होतं, आणि इतक्या महागाच्या कॉफीच्या बाबतीत ते एका परीने बरंच झालं.

परत आल्यावर फाईल पाठवली. पंधरा दिवसांनी पहिला प्रश्न आला: 'पासपोर्टवर भारत सोडल्याची तारीख १४, दाखल्यावर विमान सुटल्याची तारीख १५. खुलासा करावा.' मी खुलासा लिहिला की शिक्का १४ला रात्री दहाला बसला आणि विमान १५ला पहाटे उडालं, मधला वेळ आम्ही गेटवर खुर्चीत होतो. बायकोने शेवटचं वाक्य खोडायला लावलं. ते वाक्य होतं, 'खुर्ची अत्यंत कडक होती.'

दुसरा प्रश्न अपेक्षितच होता: 'ऑपरेशनल'चा अर्थ काय?

मग विमान कंपनीला ईमेल सुरू झाले. पहिल्याला उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या ईमेलला बायकोने त्यांचाच त्या रात्रीचा मेसेज जोडला. त्यात त्यांनीच लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणामुळे विलंब'. पत्रात तिने एवढंच म्हटलं: दाखल्यावरही हेच शब्द लिहून द्यावेत. नुकसानभरपाई मागितली नाही, राग नाही, ग्राहक न्यायालय नाही. चार दिवसांत नवा दाखला आला.

पैसे जमा झाले ते ३५,७००. नव्या तिकिटांचे ३८,८००, त्यातून परताव्याचे ३,१०० वजा. जुन्या तिकिटांचं बुडालेलं भाडं गेलं ते गेलं. कॉफीही गेली, कारण कनेक्शनच्या कलमात फक्त तिकीट होतं. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "बघा मामा, मी म्हटलं नव्हतं, डील भारी आहे?"

गेल्या रविवारी बाथरूमचा नळ गळत होता. प्लंबर दहाला येतो म्हणाला आणि एकला आला. बायकोने दार उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "कारण?"

"वैनी, जरा कामात अडकलो होतो."

"असं नको," ती म्हणाली, "नीट सांगा."