एसीसीचा खरा मालक कोण: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण गणित साफ चुकलंय. होल्सिमकडे अंबुजाचे 63.11 टक्के, अंबुजाकडे एसीसीचे 50.05 टक्के. गुणाकार केला तर साडेएकतीस टक्के होतात. एवढ्यावर कोणी एसीसीची अंतिम पालक कंपनी कशी ठरते? आणि होल्डरिंडचं नाव अंबुजाच्या प्रमोटरांच्या यादीत 2022 च्या सौद्याआधीही होतं, नंतरही आहे. मग मालक बदलला म्हणता तो कुठे?"

नमस्कार. मूळ लेखात मी म्हटलं होतं की सिमेंट बनवणाऱ्या एसीसीची अंतिम पालक कंपनी आधी होल्सिम होती, आणि 2022 च्या सौद्यात तिचा ताबा अदानी समूहाकडे गेला. तुमचा गुणाकार बरोबर आहे. 63.11 गुणिले 50.05 म्हणजे 31.59 टक्के. त्यात होल्डरिंड या होल्सिमच्याच कंपनीने एसीसीत थेट घेतलेले 4.48 टक्के मिळवले की 36.07 होतात. एसीसीने 100 रुपये नफा कमावला तर सौद्याआधी त्यातला होल्सिमच्या भागधारकांचा हिस्सा साधारण 36 रुपये, एवढंच हा आकडा सांगतो. ताबा कोणाचा, हे तो सांगत नाही. मूळ लेखात मी ही दोन गणितं वेगळी करून दाखवली नव्हती, ती चूक माझी.

ताबा टक्क्यांच्या गुणाकाराने खाली उतरत नाही, मतांनी उतरतो. एसीसीच्या सभेत अंबुजा मत देते तेव्हा ती 50.05 टक्क्यांच्या 63.11 टक्के मत देत नाही. पूर्ण 50.05 टक्के मत देते. ते मत कुठे टाकायचं हे अंबुजाचं संचालक मंडळ ठरवतं, आणि त्या मंडळावर कोण बसणार हे 63.11 टक्केवाला ठरवतो. अंबुजातल्या उरलेल्या 37 टक्के भागधारकांना लाभांश मिळतो, पण एसीसीच्या सभेत त्यांचा आवाज पोचत नाही. म्हणून ताब्याचा आकडा 50.05 अधिक 4.48, म्हणजे 54.53 टक्के. कंपनी कायदा 2013 च्या कलम 2(87) मध्ये हेच आहे: निम्म्याहून जास्त मतं स्वतःकडे किंवा आपल्या उपकंपन्यांसह असली की ती कंपनी उपकंपनी, आणि उपकंपनीची उपकंपनीही आपलीच. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: इथे निम्म्याच्या वर मतं किंवा मंडळ नेमायचा अधिकार कोणाकडे? उत्तर मिळालं की एक पायरी वर. टक्के सोबत न्यायचे नाहीत.

आता होल्डरिंड. तुमचा हा प्रश्न मला जास्त आवडला, कारण इथेच भलेभले फसतात (केवायसीच्या कामात मीही सुरुवातीला फसलोय). बीएसईवरच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमधली प्रमोटरांची यादी फक्त लगतची पायरी दाखवते, म्हणजे ज्याच्या नावावर शेअर आहेत तो. सौद्याआधीची साखळी अशी होती: एसीसीच्या वर अंबुजा, तिच्या वर मॉरिशसची होल्डरिंड इन्व्हेस्टमेंट्स, तिच्या वर नेदरलँड्सची होल्डरफिन, आणि टोकाला स्वित्झर्लंडची होल्सिम. मे 2022 मध्ये सौदा जाहीर झाला तेव्हा होल्डरफिनने अंबुजाचे शेअर विकले नाहीत, सगळी होल्डरिंडच विकली. घेणारी मॉरिशसची एन्डेव्हर ट्रेड अँड इन्व्हेस्टमेंट, अदानी समूहातली. सप्टेंबरमध्ये सौदा पुरा झाला, तरी अंबुजाच्या यादीत होल्डरिंड तशीच राहिली. दारावरची पाटी तीच, घर मात्र विकलं गेलं.

एसीसीचा एकही शेअर थेट हस्तांतरित न होता तिचाही ताबा गेला, हे सेबीच्या नियमांनीही धरलं. म्हणूनच एन्डेव्हरला अंबुजा आणि एसीसी दोन्हींच्या भागधारकांना 26-26 टक्के शेअर विकत घ्यायची खुली ऑफर द्यावी लागली, अंबुजाला 385 रुपये आणि एसीसीला 2,300 रुपये भावाने. तुमचे साडेएकतीस टक्के हेच ताब्याचं माप असतं तर एसीसीसाठी ऑफरच्या कागदात 54.53 ऐवजी तो आकडा दिसला असता.

मग यादीत जे दिसत नाही ते शोधायचं कुठे? वार्षिक अहवालात संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप असते. इंड एएस 24 नुसार तिथे पालक कंपनीचं आणि अंतिम ताबा ज्याच्याकडे आहे त्याचं नाव द्यावंच लागतं, मग वर्षभरात त्याच्याशी एकही व्यवहार झालेला नसो. अहवाल मात्र कोणत्या तारखेचा ते बघा. 2021 चा अहवाल उघडलात तर होल्सिमच दिसेल.

आणि वर चढताना थांबायचं कुठे, हेही नीट ठरवावं लागतं. होल्सिमपाशी थांबणं सोपं होतं: शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, कोणा एका भागधारकाचा ताबा नाही, म्हणजे तीच शेवटची. एन्डेव्हरच्या वर मात्र आणखी कंपन्या आहेत, आणि ऑफरच्या कागदांत शेवटी लाभार्थी म्हणून विनोद अदानी आणि रंजनबेन अदानी या व्यक्तींची नावं येतात. व्यक्ती ही पालक कंपनी नसते. फॉर्ममध्ये 'अंतिम होल्डिंग कंपनी' असा रकाना असेल तर तिथे साखळीतली सगळ्यात वरची कंपनी लिहायची, आणि 'अंतिम लाभार्थी' हा रकाना वेगळा भरायचा. एकाचं उत्तर दुसऱ्यात टाकलं की फॉर्म हमखास परत येतो.